न दाबण्याची सवय

मी बारा वर्षं ट्रेसर होते. ठाण्यातल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात उंच स्टुलावर बसायचं आणि इंजिनिअरांनी पेन्सिलीने काढलेले नकाशे ट्रेसिंग फिल्मवर शाईने उतरवायचे, हे माझं काम. तिथे नव्या मुलीला पहिल्या दिवशी दोनच गोष्टी सांगायचे. एक, पेन उभं धरायचं आणि दाबायचं नाही. त्या पेनाच्या टोकात केसाएवढी तार असते. दाबलं की ती वाकते, नाहीतर टोक झिजतं आणि बारीक रेघेच्या जागी जाड रेघ येते. रेघेची जाडी पेनावर छापलेली असते, ती हाताने ठरवायची नसते. जाड रेघ हवी असेल तर जाड पेन उचलायचं. दोन, दुसऱ्याच्या पेनाला हात लावायचा नाही. पेन एका हाताला बसलेलं असतं. पहिल्या वर्षी मी घाईत शेजारच्या बाईंचं पेन घेऊन एक रेघ मारली होती, तर त्या माझ्याशी तीन दिवस बोलल्या नव्हत्या. चौथ्या दिवशी बोलल्या त्यापेक्षा न बोलणं बरं होतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले. इंजिनिअर स्वतःच स्क्रीनवर नकाशे काढायला लागले आणि प्लॉटर नावाचं यंत्र ते कागदावर उतरवायला लागलं. ते पेन धरत होतं उभं, आणि दाबत नव्हतं. आमच्याहून बरं काम करत होतं, हे मी तेव्हाही कबूल केलं होतं. आम्ही ट्रेसर दोघी उरलो होतो. साहेबांनी बोलावून सांगितलं की महिनाअखेरीला ट्रेसिंगचं टेबल बंद. स्टोअरमध्ये एकीला जागा आहे. दुसरीचं बघू.

माझ्याबरोबरच्या ट्रेसरच्या घरी आजारी सासरे होते आणि नवरा नव्हता. त्यामुळे स्टोअरची जागा कुणाला जाणार हे मला न विचारता कळलं होतं. भांडायची माझी तयारी नव्हती. म्हणजे मला महिन्याभरात दुसरं काम शोधायचं होतं, आणि मला येत काय होतं? रेघ मारता येत होती.

पेपरात छोट्या जाहिरातींमध्ये एक ओळ सापडली. ठाण्यात एक स्टुडिओ शाळेच्या मुलांसाठी विज्ञानाच्या सीडी करत होता, त्यांना चित्रांवर रेषा घालणारे कलाकार हवे होते. मी ऑफिसातून फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, “टेस्ट घेऊ. तीन आठवड्यांनी या. टॅब्लेटवर काम केलंय ना?”

“हो,” मी म्हटलं.

हे खोटं होतं. टॅब्लेट म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. फोन ठेवला तेव्हा तळहाताला घाम आला होता आणि रिसीव्हर पुसून ठेवावा लागला.

घरी सांगितल्यावर नवरा म्हणाला, “शाळेचं विज्ञान म्हणजे बेडूक आलाच. तुला नटबोल्टशिवाय काही काढता येतं का?”

“तुझं चित्र काढेन. बोल्टासारखंच येईल.”

तो हसला, पण रात्रीच्या भाजीला मीठ जास्त झालं तेव्हा काही बोलला नाही. त्यावरून मी ओळखलं की तोही धास्तावलाय.

डोंबिवली पूर्वेला आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एक कॉम्प्युटर क्लास होता. चालवणारी बाई माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, शेजारच्या दिवा स्टेशनजवळ राहायची. तिच्याकडे माझी भाची टायपिंग शिकायला जात होती, म्हणून थोडी ओळख. मी तिला विचारलं, टॅब्लेट म्हणजे काय असतं गं? तिने कपाटावरून एक खोका काढला. दुबईहून परत आलेल्या कुणी एकाने तिला जुनं सामान विकलं होतं, त्यात तो आलेला. एक राखाडी पाटी, त्यातून एक जाड वायर, आणि एक पेन. पेनाला वायर नव्हती.

“मी कधी लावलंच नाही ताई,” ती म्हणाली. “माझ्याकडे सगळे अकाउंटिंग शिकायला येतात. चित्रं कोण काढणार? तुम्ही सकाळी सात ते नऊ या, नऊला बॅच सुरू होते. पण एक सांगते, बिघडलं तर मला दुरुस्त करता येणार नाही.”

“बिघडलं तर?”

“तर दोघी मिळून रडू.”

पहिल्या सकाळी ती पावणेआठला आली. “दिव्याला पाणीच नाही आलं. टँकरसाठी उभी होते,” म्हणाली आणि ओल्या हातानेच वायरी जोडायला लागली. मी तिला आधी हात पुसायला लावले. टॅब्लेटची वायर कॉम्प्युटरच्या मागे जोडली, पेन पाटीच्या वर धरलं आणि स्क्रीनवरचा बाण हलला. पेन पाटीला टेकलंही नव्हतं. बोटभर उंचीवरून त्याला कळत होतं. मी पेन टेकवून एक रेघ ओढली. रेघ आली. जोरात ओढली, हळू ओढली, दाबून ओढली. प्रत्येक वेळी तीच रेघ, एकाच जाडीची.

“हे तर आमच्यासारखंच आहे,” मी म्हटलं. मला बरं वाटलं. बारा वर्षं हेच तर केलं होतं.

ती मात्र खोक्यातलं इंग्रजी पुस्तक वाचत होती. “नाही ताई. यात लिहिलंय की दाबाप्रमाणे रेघ जाड-बारीक व्हायला पाहिजे. दोनशे छप्पन पायऱ्या आहेत म्हणे दाबाच्या. काहीतरी चुकतंय आपलं.”

चुकत होतं ते दोन ठिकाणी, आणि ते शोधण्यात आमचे चार दिवस गेले. एक म्हणजे खोक्यातली, पाटीच्या प्रोग्रॅमची फ्लॉपी आम्ही घातलीच नव्हती. ती घातल्याशिवाय कॉम्प्युटरला पेन म्हणजे एक उंदीरच, माउसच, वाटतो, नुसती जागा कळते, दाब कळत नाही. दुसरं म्हणजे कॉम्प्युटरबरोबर फुकट येणारा चित्रांचा प्रोग्रॅम आम्ही वापरत होतो, आणि त्या प्रोग्रॅमला दाब ही गोष्टच ठाऊक नव्हती. पाटी दाब मोजून पाठवत असली तरी घेणाराच बहिरा. तिने एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून दुसरा प्रोग्रॅम टाकला, महिनाभर चालणारा नमुना. त्यात ब्रशसमोर ‘दाबाप्रमाणे जाडी’ अशा अर्थाची एक खूण करायची होती. खूण केली आणि मी रेघ ओढली.

स्क्रीनवर जे उमटलं ते मी वाकून जवळून बघितलं. रेघ बारीक होती, मध्येच तुटत होती, आणि थरथरत होती.

तुटण्याचं मी समजू शकत होते. थरथर बघून घाबरले. माझ्या वडिलांचा हात पन्नाशीच्या आतच कापायला लागला होता. चहाचा कप बशीत वाजायचा. ते घड्याळं दुरुस्त करायचे, आणि एके दिवशी त्यांनी स्वतःच दुकानाची किल्ली भावाच्या हातात दिली होती. मी चौतिशीत होते. मी पेन खाली ठेवलं, हात समोर धरला. स्थिर वाटत होता. पुन्हा पेन उचललं. रेघ पुन्हा थरथरली, अगदी बारीक, करवतीच्या दातांसारखी.

“थंडी वाजतेय का ताई?” तिने विचारलं.

“हो,” मी म्हटलं. डोंबिवलीत, मे महिन्यात.

त्या दिवशी ऑफिसात मी फिल्मवर एक लांब रेघ मारली आणि भिंगाखाली बघितली. सरळ होती. दुसरी मारली, तीही सरळ. तरी भीती गेली नाही. मला वाटलं, आधाराला पट्टी आहे म्हणून सरळ येतेय, मोकळ्या हाताला कंप आहे आणि तो इतकी वर्षं पट्टीने लपवला. जेवताना पाण्याचा पेला उचलून मी त्यातलं पाणी हलतंय का बघत होते. नवऱ्याने विचारलं, काय बघतेस, किडा आहे का? मी म्हटलं, नाही. घरात कुणालाही सांगितलं नाही. डॉक्टरकडे जायचं टेस्टनंतर ठरवलं. आधी गेले असते आणि त्यांनी हो म्हटलं असतं, तर टेस्टला जायचं कशाच्या जोरावर?

तीन दिवस असे गेले. चौथ्या सकाळी क्लासची बाई माझ्या शेजारी बसली होती. तिने गंमत म्हणून माझ्या हातातून पेन घेतलं आणि स्वतःचं नाव काढायला गेली. तिची रेघही थरथरली.

मी इतक्या जोरात “थांब!” म्हटलं की ती दचकली.

“तुझा हात दाखव. कापतो का कधी?”

“माझा? मी तर सुईत दोरा एका झटक्यात घालते. का हो?”

मग आम्ही ते इंग्रजी पुस्तक पहिल्यापासून वाचलं, शब्दकोश घेऊन. एकदाचं मला कळलं की ही पाटी काम कशी करते, आणि ते कळल्यावर थरथरीचं कारणही कळलं. पाटीच्या पृष्ठभागाखाली तारांची जाळी असते, उभ्या-आडव्या. त्या जाळीतून एक बारीक विजेचा संदेश हवेत सुटतो, रेडिओसारखा. पेनाच्या आत तारेचं एक वेटोळं असतं. ते तो संदेश झेलतं, त्यावरच जगतं आणि परत सोडतं, म्हणून पेनाला ना वायर लागते ना बॅटरी. जाळीतल्या कुठल्या तारांना तो परतीचा संदेश सगळ्यात जोरात ऐकू येतो, त्यावरून पाटी ठरवते पेन कुठे आहे. आणि दाब? पेनाचं टोक जरासं मागे सरकतं, डोळ्याला दिसणार नाही इतकं. तेवढ्या सरकण्याने परत जाणाऱ्या संदेशाचा सूर थोडा बदलतो. किती बदलला हे पाटी मोजते आणि कॉम्प्युटरला आकडा सांगते. शून्य म्हणजे टेकलेलं नाही, दोनशे पंचावन्न म्हणजे पूर्ण दाब. त्या आकड्याची जाडी करायची की फिकट-गडद करायचं, हे प्रोग्रॅमचं काम.

इतका नाजूक सगळा कारभार, आणि आम्ही ती पाटी ठेवली होती लोखंडी टेबलावर, मॉनिटरच्या पायथ्याला चिकटवून. तेव्हाचे मॉनिटर म्हणजे काचेची मोठी पेटी, ती स्वतःच वीज ओकत असायची. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं: मॉनिटरपासून लांब ठेवा, धातूच्या टेबलावर ठेवू नका. दुसऱ्या दिवशी मी घरून जेवायला बसायचा लाकडी पाट पिशवीत घालून नेला. मॉनिटरपासून हातभर लांब, मांडीवर पाट, पाटावर पाटी. रेघ ओढली. थरथर गेली.

“पाट आणलात? आता रांगोळी पण काढा,” क्लासची बाई म्हणाली.

मी आणखी एक रेघ ओढली, मग आणखी एक. तीन दिवस मी माझ्या हाताकडे वडिलांचा हात म्हणून बघत होते.

पण तुटणं राहिलंच होतं, आणि आता हातात अकरा दिवस होते. रेघ बारीक यायची आणि अधूनमधून गायब व्हायची. कारण मी दाबतच नव्हते. पेनाने दाब मोजायला सुरुवात करण्याआधी थोडा भार लागतो, माझा हात त्या भाराच्या काठावरच चालत होता. कधी वर, कधी खाली. ज्या सवयीवर बारा वर्षं पगार घेतला ती आडवी येत होती.

किती कमी दाबते हे मला बघायचंच होतं. ऑफिसात टपाल पाठवणाऱ्या मामांकडे पत्रं तोलायचा छोटा काटा होता. दुपारी मी त्यांच्या टेबलाशी गेले आणि काट्याच्या ताटलीवर रिकाम्या पेनाने रेघ मारली, नेहमीसारखी.

मामांनी चष्मा वर केला. “बाई, कुणाला पाठवताय?”

“हात पाठवतेय. वजन बघा.”

“पोस्टाचं कार्ड पण याच्याहून जड असतं हो.”

काटा जेमतेम हलला होता. मग मी क्लासमधल्या पेनाने पूर्ण जाडी येते तेव्हा किती जोर लागतो हे आठवून दाबलं, तर काटा टोकाला जाऊन आपटला. मामांनी काटा माझ्यापासून दूर सरकवला.

त्या दिवसापासून दाबायची सवय लावायला लागले. रोज सकाळी पन्नास रेघा, बारीक सुरू करायची, मध्ये जाड, शेवटी बारीक. कोंबडीच्या पिसासारखी. दोन दिवसांत मनगट दुखायला लागलं आणि रेघा तशाच अडाणी. दाबायला गेलं की अख्खा हात आवळायचा आणि जाडी एकदम उडी मारायची, मधल्या पायऱ्याच नाहीत. चित्र बेडकाचं काढायला घेतलं होतं. बेडूक माराला घाबरलेल्या माणसासारखा दिसत होता.

मार्ग क्लासच्या बाईनेच शोधला. फ्लॉपीतून आलेल्या सेटिंगमध्ये एक सरकपट्टी होती, एका टोकाला ‘मऊ’, दुसऱ्या टोकाला ‘कडक’. तिने ती मऊच्या बाजूला पूर्ण सरकवली. “तुम्ही कशाला बदलताय? त्यालाच बदलू दे की.”

आता माझा हलका हातही पाटीला जड वाटत होता. ज्या दाबाला आधी पाच-दहा पायऱ्या मिळत होत्या, त्याला आता शंभर मिळत होत्या. टपालाच्या काट्यावर जो फरक दिसला नसता तो इथे रेघेत दिसत होता. आणि मला कळलं की न दाबणारा हात म्हणजे दाब न कळणारा हात नव्हे. उलट, बारा वर्षं दाब सांभाळल्यामुळे तो माझ्या ताब्यात होता, फक्त फार थोड्या जागेत. बेडकाच्या पाठीची रेघ बारीक निघाली, मांडीला भरली, पावलापाशी संपली. मी तसे चाळीस बेडूक काढले. कागदाची सवय म्हणून पाटीवर साधा कागद चिकटवून काढायचे. कागदातूनही पेनाचं बोलणं पाटीला ऐकू जातं, टोक मात्र लवकर झिजतं.

एक गोष्ट शेवटपर्यंत त्रास देत राहिली. आमची पाटी लहान होती, पोस्टकार्डाहून थोडी मोठी. हात इंचभर हलला की स्क्रीनवर तीन इंच रेघ. नजर स्क्रीनवर, हात मांडीवर. स्टुडिओतली पाटी मोठी निघाली तर? अंदाज सगळा बदलणार. टेस्टच्या आदल्या दिवशी मी नुसती ही काळजी करण्यात अर्धा तास घालवला. मग कणीक मळली.

स्टुडिओ एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होता. खोलीत चार टेबलं, त्यातल्या तीन टेबलांवर माणसं काम करत होती, चौथी खुर्ची रिकामी. फोनवर बोललेला माणूस चाळिशीचा होता, दाढीत पेन्सिलीची पूड असल्यासारखा. त्याने मला रिकाम्या खुर्चीत बसवलं. टेबल लाकडी होतं. पाटी मोठी होती, आमच्या चौपट.

“स्क्रीनवर पेन्सिलचा बेडूक स्कॅन करून ठेवलाय,” तो म्हणाला. “त्याच्यावर रेषा घाला. जिवंत पाहिजे. अर्धा तास.”

बेडूकच होता. मी मनात नवऱ्याला शिव्या दिल्या आणि पेन उचललं.

पेनाचं टोक एका बाजूने तिरकं झिजलेलं होतं. पाटीच्या मधोमध एक चकचकीत डाग पडला होता, इतक्या रेघा तिथे घासल्या गेल्या होत्या. मी पाठीची रेघ ओढली. केसासारखी आली, दोन ठिकाणी तुटली. पुन्हा ओढली. तेच. सरकपट्टी कडकच्या टोकाला असणार. या खुर्चीत जे कोण बसत असेल ते पेन पाटीत रुतवून काम करत असणार.

सेटिंगची खिडकी कुठे उघडते हे मला माहीत होतं. पण मी उघडली नाही. ते दुसऱ्याचं होतं. दुसऱ्याचं पेन, दुसऱ्याच्या हाताला बसलेलं. मी दाबायला सुरुवात केली. हात आवळला, जाडी उडी मारायला लागली, मनगटातून कोपरापर्यंत कळ गेली. भिंतीवरच्या घड्याळात बारा मिनिटं गेलेली होती आणि स्क्रीनवरचा बेडूक माझ्या पहिल्या बेडकाहून वाईट होता. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने एकदा वळून बघितलं आणि चटकन मान फिरवली. तिच्या त्या मान फिरवण्याने मला समजलं की हे असंच चाललं तर मी नापास आहे. महिनाअखेरीला चार दिवस उरले होते.

मी उठून त्या माणसाकडे गेले. “मला पेनाचा दाब बदलायचाय. पण हे कुणाचंतरी लावलेलं आहे. बदललं तर चालेल का?”

तो दुसऱ्या कामात होता. “काय बदलायचं ते बदला हो. वेळ तोच, वाढवून नाही मिळणार.”

मी परत बसले. खिडकी उघडली. सरकपट्टी खरोखरच कडकच्या टोकाला होती. ती नेमकी कितव्या खुणेवर आहे ते पर्समधल्या तिकिटाच्या मागे लिहून ठेवलं, मग मऊकडे सरकवली. आधीच्या रेघा सगळ्या पुसल्या. सोळा मिनिटं होती.

मोठ्या पाटीची भीती फुकट होती. तिच्यावर उलट कोपरापासून हात फिरत होता, ड्रॉइंग बोर्डासारखा. पाठ एका रेघेत आली. मांड्या दोन. डोळ्याच्या वरची कातडी, जिथे रेघ जाड होऊन लगेच बारीक व्हायला हवी, ती तिसऱ्यांदा जमली. मागच्या पायाची बोटं राहिली होती तेव्हा तो मागे येऊन उभा राहिला. मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा सुरू झाले नसते.

“वेळ झाली,” तो म्हणाला. स्क्रीनच्या जवळ वाकला, मांडीची रेघ मोठी करून बघितली. “आधी कुठे करत होतात हे?”

आता खोटं बोलायची ताकद नव्हती. “कुठेच नाही. मी ट्रेसर आहे. फोनवर खोटं सांगितलं. तीन आठवड्यांत शिकले.”

“तरीच,” तो म्हणाला. “रेघेला सुरुवात आणि शेवट आहे. आमच्याकडे सगळ्यांच्या रेघेला नुसता मधला भाग असतो.” आणि थोडं थांबून, “सोमवारपासून येता येईल? तीन महिने बघू, मग पक्कं.”

मी येईन म्हटलं. तिकीट काढलं आणि सरकपट्टी तिकिटावर लिहिलेल्या खुणेवर परत नेऊन ठेवायला लागले.

“ते काय करताय?”

“ज्यांचं आहे त्यांच्यासारखं करून ठेवते. उद्या ते बसतील तेव्हा त्यांना त्रास नको.”

त्याने माझ्याकडे बघितलं आणि मग शेजारच्या मुलीकडे. तिने मान वर केली नाही. “राहू दे,” तो म्हणाला. “त्या येत नाहीत आता. मनगट गेलं त्यांचं. पेन धरवत नाही.”

“किती वर्षं होत्या?”

“दोन.”

मला त्या बाईंचं नावही माहीत नव्हतं. त्यांची सुटलेली नोकरी माझ्या हातात येत होती. मी विचारलं, ही पट्टी त्यांना कुणी दाखवली नव्हती का? तो म्हणाला, टॅब्लेट आला तसाच त्यांनी वापरला, असेल काही कारण, त्यांनी कधी तक्रार केली नाही. शेजारची मुलगी तेव्हा पहिल्यांदा बोलली, स्क्रीनवरून नजर न काढता. “ताईंना माहीतच नव्हतं ते बदलता येतं. मला पण आत्ताच कळलं.”

मी तिची खुर्ची बाजूला सरकवली, तिची खिडकी उघडून दाखवली. तिची पट्टीही कडकच्या टोकालाच होती. मी तिला ती हळूहळू मऊकडे सरकवायला लावली, एकेक खूण, आणि प्रत्येक खुणेवर रेघ ओढून बघायला सांगितलं, हाताला बरं वाटेल तिथे थांब म्हटलं. ती चौथ्या खुणेवर थांबली आणि मनगट चोळायला लागली.

आता ओळखीतल्या कुणाची मुलगी चित्रांसाठी टॅब्लेट घ्यायची म्हणते तेव्हा मला फोन येतो. दाबाच्या पायऱ्या आता हजारांत सांगतात, दुकानदार तोच आकडा पुढे करतो. मी सांगते, त्या आकड्यावर जाऊ नका, एका मर्यादेपुढे डोळ्यालाही फरक कळत नाही. पेन किती हलक्या स्पर्शाला रेघ देतं ते स्वतः टेकवून बघा. बॅटरीशिवायचं पेन घ्या, जास्तीची टोकं मिळतात का विचारा. तुमच्या कॉम्प्युटरवर आणि तुमच्या प्रोग्रॅमवर दाब चालतो का हे आधी पाहा, नाहीतर उंदीरच घेतलात. पाटी फार लहान नको, नुसतं मनगट हलवायला लावते, आणि टेबलात मावणार नाही इतकी मोठीही नको. पाटीच्या बाजूंचं प्रमाण स्क्रीनच्या बाजूंसारखं असू द्या, नाहीतर गोल काढाल आणि अंडं उमटेल. हे सगळं ते लिहून घेतात.

मग ज्यांनी आधीच घेतलाय त्यांना मी विचारते, दाबाची पट्टी कुठे आहे? बहुतेकांनी ती उघडलेली नसते.

टेस्टनंतरच्या सोमवारी मी त्या खुर्चीत बसले. झिजलेलं टोक काढून नवं घातलं. पट्टी मऊ केली. चकचकीत डाग मात्र निघत नव्हता, म्हणून त्यावर कागद चिकटवला आणि पहिलं चित्र उघडलं. ते माणसाच्या हाताचं होतं, आतली हाडं दाखवणारं. मनगटातली आठ हाडं लहान-लहान होती, आणि त्यांच्यावर अगदी हलक्या रेषा घालायच्या होत्या.